कंत्राटी बाई 'कर्मचारी' असते का?

'मुलगी एमए मराठी आहे, ७१ टक्के. चाकणच्या एका कारखान्यात एचआरमध्ये सहा महिन्यांसाठी लागली आहे. लैंगिक छळाविरुद्धची इंग्रजी पॉलिसी कामगारांसाठी मराठीत करते. डिक्शनरी घेतली की हे कुणीही करील. मी स्वतः प्लँटमध्ये ३० वर्षं काढली. म्हणतो, सोड ते आणि सदाशिव पेठेत एमपीएससीचा क्लास लाव. ऐकत नाही. महिनाभर घरात अबोला आहे. तुम्हीच समजवा.' – एक वडील, भोसरी

तिला नाही समजावणार. पत्रात टक्के आहेत, क्लासची पेठ आहे. तिनं लिहिलेलं एक तरी पान तुम्ही वाचलंत, असं मात्र कुठे दिसत नाही. आणि अबोला महिनाभर!

आता डिक्शनरीचं. 'एम्प्लॉयी' शब्द घ्या. डिक्शनरी सांगेल 'कर्मचारी'. पण शॉपफ्लोअरवर कर्मचारी म्हणजे ऑफिसातला स्टाफ, हे मी तुम्हाला काय सांगणार? मशीनवर असतो तो कामगार, आणि ठेकेदाराकडून आलेली ती कंत्राटी. 'महिला कर्मचारी तक्रार करू शकतात' हा बोर्ड वाचून पॅकिंगमधली कंत्राटी बाई सरळ पुढे जाईल. तिला वाटेल, हे आपल्यासाठी नाही. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात मात्र एम्प्लॉयीमध्ये रोजंदारीवरची, ठेकेदाराची, ट्रेनी, अप्रेंटिस सगळ्या येतात. म्हणून इथे शब्द पुरत नाही, वाक्य लागतं: 'कायम, कंत्राटी, रोजंदारीवरची किंवा ट्रेनी, कुणीही बाई तक्रार करू शकते.'

दुसरी गोम क्रियापदात. तक्रार लेखी द्यायची असते; बाईला लिहिता येत नसेल तर कारखान्यातल्या तक्रार समितीनं मदत करणं कायद्यानं बंधनकारक आहे. 'समिती मदत करील' असं लिहिलं की बंधनाचं नुसतं आश्वासन होतं. तिथे 'केलीच पाहिजे' हवं. तक्रारीच्या मुदतीचंही तसंच. 'तीन महिन्यांत' एवढंच लिहून भागत नाही. प्रकार पुन्हा पुन्हा घडत असेल तर मुदत शेवटच्या घटनेपासून मोजतात.

जड मराठी म्हणजे कायदेशीर मराठी, हा समज एचआरमध्येही असतो. तिनं मसुदा लाइनवरच्या दोन-तीन बायकांना वाचून दाखवावा आणि विचारावं, 'मैत्रिणीला असा त्रास झाला तर ती कुणाकडे जाईल, कधीपर्यंत?' उत्तर चुकलं तर वाक्य बदलायचं, आणि बदललेलं वाक्य वकिलाकडून मूळ इंग्रजीशी ताडून घ्यायचं.

एमपीएससीची वाट तुम्हाला ठाऊकच आहे. तिला हवी असेल तर ती जाईल. मला तिच्यासाठी तीन वर्षांचं एलएलबी जास्त पटतं. पदवी आहेच, लॉ सीईटी द्यावी. आज वकिलाला विचारावं लागतं ते उद्या तिला स्वतःला कळेल.

या रविवारी तिच्याकडून तो मसुदा मागून घ्या. ३० वर्षं प्लँटमध्ये काढलेला वाचक तिला घरात दुसरा कुठून मिळणार? जिथे अडाल तिथे पेन्सिलीनं खूण करा.