घाम, मीठ आणि पोटरीतला गोळा

नसेचा इशारा आला की सोडियम स्नायूपेशीत घुसतं, त्यामागोमाग पोटॅशियम बाहेर पडतं. या विजेच्या धक्क्याने पेशीतल्याच कोठारातून कॅल्शियम सुटतं आणि स्नायू आखडतो. ते कोठारात परत खेचलं की सैल पडतो. मग पेशीच्या आवरणातला पंप 3 सोडियम बाहेर टाकून 2 पोटॅशियम आत घेतो.

घामात जातं ते मुख्यतः सोडियम. पोटॅशियम थोडं, कॅल्शियम नगण्य. केळ्यातून मिळतं ते मुख्यतः पोटॅशियम, त्यामुळे नुसत्या केळ्यावर भागत नाही.

पळण्याआधी आणि नंतर, घाम पुसून, वजन करा. 62 चं 60.8 किलो झालं आणि मध्ये अर्धा लिटर पाणी प्यायलात, तर घाम गेला 1.7 लिटर. त्यात सुमारे दीड ग्रॅम सोडियम, म्हणजे जवळपास 4 ग्रॅम मीठ; माणसागणिक यात बराच फरक पडतो. जेवणात आमटी-लोणच्यातून ते सहज भरून येतं. लांब पळताना मात्र लिंबूपाण्यात चिमूटभर मीठ घाला.

नुसतं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. पळून वजन उलट वाढलं, डोकं दुखतंय, उलटी होतेय, बोलणं असंबद्ध झालंय, तर पाणी थांबवून थेट दवाखाना गाठा.

पोटरीत गोळा आला तर आधी पाय ताणा. बहुतेकदा कारण मीठ नसतं, थकवा असतो.