त्या 14 प्लेट्सचं बिल

प्रिय मित्रा,

तू पाठवलेला हिशेब नीट वाचला. कार्यक्रमाला भाड्याने 400 प्लेट्स गेल्या, 386 परत आल्या, म्हणून तू 14 प्लेट्सची भरपाई लावलीस. आता यजमान म्हणतात की फुटलेल्या 6 प्लेट्स त्यांनी पोत्यात बांधून तुझ्या माणसाकडे दिल्या होत्या, बाकीचं त्यांना माहीत नाही. खोटं कोण बोलतंय, असं तू विचारतोस. कोणीच बोलत नाहीये. तुझ्या कागदावर फुटलेल्या आणि न आलेल्या प्लेट्सना मिळून एकच रकाना आहे, भांडण तिथून सुरू झालं.

गेलेला नग एकतर चांगला परत येतो, फुटका परत येतो, नाहीतर येत नाही. या तिन्हींची बेरीज जावक आकड्याला जुळलीच पाहिजे. तुझ्या बाबतीत 386, 6 आणि 8 मिळून 400. फुटका नगसुद्धा परत आलेला नग आहे, म्हणून तुकडे जागेवर फेकू द्यायचे नाहीत. मोजताना बूड धरायचं: एक बूड, एक प्लेट. तुकडे मोजायला गेलास तर एका प्लेटच्या तीन होतील. आणि जे 8 आले नाहीत, ते लगेच हरवले असं धरू नकोस. ते जागेवरच्या स्वयंपाकघरात राहतात, दुसऱ्या केटररच्या क्रेटमध्ये जातात. चमचे तर खरकट्याच्या बादलीतच जातात. बादली ओतण्याआधी त्यात हात घालणारा माणूस नेमलास का? तीन-चार दिवस ‘येणे बाकी’ लिहून थांबायचं, मग बिल. तूच लिहिलं आहेस की दुसऱ्या दिवशी 5 प्लेट्स मिळाल्या. मग बिलात 14 कशा राहिल्या?

पण खरं दुखणं याच्याही आधीचं आहे. 400 गेल्या हे तुला कुणी सांगितलं? गोदामातल्या पोराने 20 क्रेट भरले, एका क्रेटमध्ये 20 बसतात, म्हणून 400. एखाद्या क्रेटमध्ये 19 असतील तर? माल जिथे हात बदलतो तिथेच मोजायचा, आणि देणाऱ्याने व घेणाऱ्याने मिळून मोजायचा. टेम्पो रिकामा होताना यजमानांचा माणूस शेजारी उभा हवा, क्रेट उघडा हवा, चलनावर त्याची सही हवी. परत घेतानाही तसंच, जागेवरच, टेम्पोत चढवण्याआधी. धुतल्यावर गोदामात केलेली मोजणी तुझ्या समाधानासाठी. तिच्यावर बिल लावता येत नाही.

तू म्हणशील, मध्यरात्री दमलेली माणसं, कोण मोजत बसणार. हे मी आयुष्यभर ऐकत आलो. माझ्या मोजण्याला कंटाळून काही गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली, ‘फार काटेकोर’ म्हणाली. जाऊ दे. मी जिथे नोकरीला होतो तिथे खुर्च्या कमी आल्या म्हणून एका साध्या हमालावर चोरीचा आळ आला. जागेवरचा सहीचा कागद नव्हता, त्यामुळे त्याच्या बाजूने बोलायला माझ्या हातात काही नव्हतं. तो काम सोडून गेला. ती खंत अजून आहे. म्हणून सांगतो, सहीशिवाय नग हलवू नकोस. गिऱ्हाइकापेक्षाही ती आपल्या माणसासाठी लागते.

खुर्च्यांचंही ऐक. 200 गेल्या, 200 आल्या, म्हणून पान मिटवू नकोस. जागेच्या मालकाच्या खुर्च्या तशाच दिसतात. पाठीमागे रंगाचा पट्टा मारून ठेव आणि पट्टेवाल्याच मोज. 5 परक्या आल्या असतील तर तुझ्या 5 तिकडे आहेत. परक्या वेगळ्या लिही, आपल्या तुटीत वळत्या करू नकोस.

दर आधी चलनावर छापलेला हवा: फुटल्यास किती, न आल्यास किती. काठाची कपची उडालेली प्लेट पुन्हा पानात मांडता येत नाही, म्हणून ती फुटक्यात धरायची. पण ती कपची जाण्याआधीच उडाली नव्हती, हे दाखवता आलं पाहिजे. जावक मोजणीत काठ उजेडाकडे धरून बघायचा तो यासाठी. पुन्हा तेच: दोघांसमोर.

आता हे बिल. आजच त्यांना फोन कर आणि जुनं बिल मागे घे. 6 प्लेट्सचे पैसे माग, तुकडे त्यांनी स्वतः दिले आहेत, ते नाही म्हणणार नाहीत. 5 मिळाल्या त्या वजा. उरलेल्या 3 सोडून दे. त्या गेल्या होत्या याची सही तुझ्याकडे नाही, म्हणून त्या मागायचा हक्कही नाही. अनामतीतूनही कापू नकोस. आणि पुढच्या कामाचं चलन भरून मला दाखव, टेम्पो निघण्याआधी.

तुझा,
काका