पायातला काटा, जांघेतलं अवधाण आणि पांढऱ्या पेशी

"तुरीच्या रानात बाभळीचा काटा मोडला, पाय पिकला. जांघेत अवधाण आलंय. पांढऱ्या पेशी १४,८०० आणि लिम्फोसाईट कमी. ब्लड कॅन्सर तर नाही ना? पानथरी बिघडली का?"

तुम्ही सांगितलेलं चित्र जंतुसंसर्गाचं दिसतं. मी परभणीत लॅबमध्ये रोज स्लाईड बघतो आणि काटा, पिकलेला पाय, अवधाण ही साखळी तुरी-कापसाच्या दिवसांत नेहमी बघायला मिळते.

पांढऱ्या पेशी साधारण ४,००० ते ११,००० असतात. त्यांत सगळ्यात जास्त न्यूट्रोफिल. काट्यासोबत जंतू आत गेले की काही तासांत याच पेशी रक्तातून बाहेर पडून तिथे पोहोचतात, जंतू गिळतात आणि तिथेच मरतात. पू म्हणजे बहुतांशी त्यांचाच ढीग. मागणी वाढली की अस्थिमज्जा, म्हणजे हाडातला रक्तपेशी बनवणारा मगज, अर्धवट तयार पेशीही रक्तात सोडते. भिंगाखाली पिकल्या न्यूट्रोफिलच्या जांभळ्या केंद्रकाचे तीन ते पाच तुकडे दिसतात, कच्च्याचं केंद्रक मात्र घोड्याच्या नालेसारखं अखंड असतं.

आता 'कमी' लिम्फोसाईटचं बघू, याही पांढऱ्या पेशीच. तुमच्या रिपोर्टात न्यूट्रोफिल ८४ आणि लिम्फोसाईट १२ टक्के असतील असं धरा. १४,८०० चे १२ टक्के म्हणजे १,७७६, आणि हा आकडा अगदी ठीक आहे. न्यूट्रोफिल वाढल्या म्हणून लिम्फोसाईटचा वाटा तेवढा घटला, पेशी घटल्या नाहीत. टक्के बघून घाबरणारे खूप भेटतात, म्हणून हा गुणाकार मी प्रत्येकाला करून दाखवतो.

अवधाण म्हणजे जांघेतली सुजलेली लसिकाग्रंथी. पायातला लसिका नावाचा द्रव तिच्यातून गाळून पुढे जातो. जखमेजवळच्या काही पेशी जंतूचे तुकडे उचलून तिथे आणतात. त्या तुकड्याला जुळणारी लिम्फोसाईट सापडली की ती भराभर वाढते. त्यातल्या काही पेशी जंतूला चिकटणारी प्रथिनं, म्हणजे प्रतिपिंडं बनवतात. या गर्दीने गाठ फुगते, दुखते. तिला चोळू नका, दाबू नका.

पानथरीकडे पायातली लसिका जात नाही. ती डाव्या बरगड्यांखाली बसून रक्त गाळते, म्हाताऱ्या तांबड्या पेशी मोडते, रक्तात शिरलेले जंतू अडवते. मलेरिया लांबला की ती वाढून हाताला लागते. नुसत्या काट्याने तसं होत नाही.

काट्याचा तुकडा आत राहिला असेल तर पू थांबत नाही, म्हणून पाय डॉक्टरांना दाखवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. ताप चढला किंवा पायावरून वर लाल रेघ सरकली तर त्याच दिवशी जा. गाठ दुखरी, मऊ, हलणारी असेल तर जखम भरल्यावर दोन-तीन आठवड्यांत बसते. टणक, न दुखणारी, महिन्याने तशीच किंवा वाढती असेल तर सुईने तपासून घ्या. कॅन्सरची शंका नुसत्या आकड्यावर ठरत नाही, स्लाईडवर कोवळ्या विकृत पेशी दिसतात का ते बघावं लागतं. पाय बरा झाल्यावर सीबीसी परत करा आणि सोबत स्लाईड बघायला सांगा.