पाटीवर ‘वैद्य’ लिहायचं, तर नाव कुठे नोंदलेलं हवं?

“सर, माझी मुलगी बी.एस्सी. बॉटनीच्या शेवटच्या वर्षाला आहे. बारावीला नीट दिली होती, थोडक्यात हुकली. आता तिने पुण्यातल्या एका संस्थेचा १२ रविवारांचा ‘नाडीपरीक्षा व पंचकर्म’ कोर्स धरलाय. फी २८ हजार, अर्धी भरली. संस्था म्हणते, सर्टिफिकेट सरकारमान्य आहे, कोर्स झाला की क्लिनिक टाकता येतं. सर्टिफिकेटचा नमुना आणि तिने ठरवलेली पाटी, दोन्हींचे फोटो पाठवते. उरलेली फी भरू का?”
— एक आई, कराड

ताई, उरलेले १४ हजार सध्या भरू नका. आणि पाटी रंगवायला टाकली असेल, तर आजच थांबवा.

सर्टिफिकेटचा फोटो मी मोठा करून पाहिला. वर सोनेरी अक्षरांत ‘गव्हर्न्मेंट रजिस्टर्ड’ आहे. पण खाली डाव्या कोपऱ्यातला क्रमांक उद्यम नोंदणीचा आहे. ही नोंदणी छोट्या उद्योगांसाठी असते, आधार क्रमांक टाकून ऑनलाइन होते, पैसे लागत नाहीत आणि पिठाच्या गिरणीलाही मिळते. शेजारचा आयएसओचा शिक्का खासगी संस्थांकडून मिळतो, त्याचा उपचार करण्याच्या परवानगीशी संबंध नाही. म्हणजे नोंद झालीय ती संस्थेच्या धंद्याची, तुमच्या मुलीची नाही. आणि अगदी तळाशी, मुंगीएवढ्या इंग्रजीत, एक ओळ आहे: या प्रमाणपत्राने वैद्यकीय व्यवसायाचा अधिकार मिळत नाही. संस्थेला हे ठाऊक आहे, तरी फी घेताना ती क्लिनिकच्या गोष्टी करते. याचा मला मनापासून राग येतो.

महाराष्ट्रात आयुर्वेदाची प्रॅक्टिस करायची तर नाव महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनच्या नोंदवहीत लागतं. तिथे पोचायची वाट म्हणजे नीट, मग बीएएमएसची साडेचार वर्षं, मग एक वर्षाची इंटर्नशिप आणि मग नोंदणी. १२ रविवारांचा कोर्स या वाटेवर कुठेच येत नाही, कारण त्या सर्टिफिकेटवर कौन्सिल नाव नोंदवत नाही. हेच शिक्षण एखाद्या नोंदणीकृत वैद्याने घेतलं तर गोष्ट वेगळी. परवानगी त्याच्याकडे आधीच असते, कोर्सने फक्त हात बसतो.

नोंदणीशिवाय कोणत्याही पद्धतीची प्रॅक्टिस करायला १९६१ चा महाराष्ट्र वैद्यकीय व्यवसायी अधिनियम मनाई करतो. पहिल्याच गुन्ह्याला किमान २ आणि कमाल ५ वर्षं सक्तमजुरी आहे, वर दंड. ‘आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या औषध देतात’ हे सांगूनही भागत नाही. केरळच्या पारंपरिक वैद्यांनी तसा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता, २०१८ मध्ये तो फेटाळला गेला.

आता पाटी. तिने लिहिलंय: ‘वैद्या अमुक, आयुर्वेद व नाडीतज्ज्ञ. मधुमेह, स्थूलता, संधिवात यांवर मुळापासून उपचार. पंचकर्म उपलब्ध.’ यातला ‘वैद्या’ हा शब्द पहिला काढायचा, कारण तो वाचून माणूस तिला नोंदणीकृत समजूनच आत येणार. ‘नाडीतज्ज्ञ’ही काढायचा. नाडी बघून ‘तुमचं पित्त वाढलंय, हा काढा घ्या’ म्हटलं की रोगाचं निदान झालं आणि उपचारही झाला, मग फी घेतली काय किंवा दक्षिणा म्हटलं काय.

रोगांची नावं असलेली ओळ तर आणखी महागात पडेल. औषधे आणि जादूटोणा उपाय कायदा, १९५४, यात रोगांची एक यादी आहे आणि त्या रोगांवर औषधाने इलाज होतो अशी जाहिरात करायला मनाई आहे. नोंदणीकृत वैद्याला स्वतःच्या दवाखान्यावरच्या पाटीपुरती सूट आहे, तिला तीही नाही. मधुमेह, स्थूलता, रक्तदाब, कर्करोग, संधिवात, मुतखडा हे सगळे त्या यादीत आहेत. तिच्यासाठी पाटी, पत्रक, इन्स्टाग्रामवरची रील, सगळं जाहिरातच.

पंचकर्मातही फरक करायला हवा. निरोगी माणसाला अंगाला तेल लावून देणं, म्हणजे अभ्यंग, हे रोग बरा करण्याचा दावा न करता करता येतं. वमन म्हणजे उलटी करवणं, विरेचन म्हणजे जुलाब देणं आणि बस्ती म्हणजे गुदमार्गाने औषध देणं, हे मात्र उपचार आहेत. माझ्याकडे एकदा अशाच कोर्सची एक मुलगी आली होती. तिने गुडघेदुखीच्या एका आजींना घरीच बस्ती दिली होती. आजींना जुलाब लागले, शरीरातलं पाणी कमी झालं आणि रात्री दवाखान्यात न्यावं लागलं. आजी वाचल्या. पण आजींच्या मुलाने त्या मुलीला एकच प्रश्न विचारला, ‘तुझा रजिस्ट्रेशन नंबर काय?’ आणि तिच्याकडे दाखवायला काही नव्हतं. बस्ती कोणाला द्यायची नाही हेही शास्त्रातच सांगितलंय, पण ते १२ रविवारांत अंगवळणी पडत नाही.

मग या कोर्सचा उपयोग शून्य का? तसं नाही. ऋतुचर्या, दिनचर्या, आहार यांचे वर्ग घेता येतील. एखाद्या वैद्यांच्या हाताखाली, त्यांनी लिहून दिल्याप्रमाणे, पंचकर्म सहाय्यक म्हणून काम करता येईल. पण तेच करायचं असेल तर रोज हाताने काम करायला लावणारं, महिनोन्‌महिने चालणारं पंचकर्म टेक्निशियनचं प्रशिक्षण घ्या. भरती करणारे वैद्य आधी हात बघतात. आणि घरी काढे, तेलं बनवून औषध म्हणून विकायची कल्पना असेल, तर अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो. स्वतःच्या रुग्णांसाठी औषध बनवण्याची सूट वैद्यांना आहे, तिला नाही.

खरं तर मला तिच्या बॉटनीबद्दल जास्त बोलायचंय, कारण घरात असलेली चांगली गोष्ट तुमच्या कोणाच्या नजरेतच आलेली नाही. आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्यात उत्पादन जाणकार माणसाच्या देखरेखीखाली चालवावं लागतं आणि ती व्यक्ती कोण असू शकते हे औषध नियमांत लिहिलंय. त्यात बीएएमएस आहेतच. पण आयुर्वेदिक औषधनिर्मितीचा किमान २ वर्षांचा अनुभव असलेला बॉटनीचा पदवीधरही चालतो. कारण सोपं आहे. गोणीत आलेली साल अशोकाचीच आहे की दुसऱ्याच कुठल्या झाडाची, हे ओळखायला वनस्पतीचा अभ्यास लागतो. सालीचा तुकडा मोडून, आडवा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं हे ती कॉलेजात शिकतेच आहे. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प औषधी वनस्पतींच्या भेसळीवर घ्यायला सांगा आणि पदवीनंतर एखाद्या आयुर्वेदिक फार्मसीच्या गुणवत्ता विभागात उमेदवारी करायला लावा. आयुर्वेदात मानाने आणि कायद्याने काम करायची ही खरी वाट आहे.

आणि रुग्णच तपासायचे असतील, तर नीट पुन्हा द्यायला सध्या वयाची वरची मर्यादा नाही. पुढच्या वर्षी बीएएमएसला लागली, तरी सत्ताविशी-अठ्ठाविशीत ती नोंदणीकृत वैद्य असेल. हे ती मनापासून मागत असेल तर द्यावं, तुमच्या हौसेपोटी नको.

राहिली फी. संस्थेला ईमेल करा, फोन नको. एकच प्रश्न विचारा: ‘या सर्टिफिकेटवर माझ्या मुलीचं नाव कोणत्या कौन्सिलमध्ये वैद्य म्हणून नोंदवलं जाईल?’ कौन्सिलचं नाव लेखी येणार नाही, ‘ऑफिसला या, समजावून सांगतो’ असंच उत्तर येईल. आलं तर त्याच ईमेलवर, ‘क्लिनिक टाकता येतं’ असं सांगून प्रवेश दिल्याचं लिहून, भरलेले १४ हजार परत मागा. त्यांचं पत्रक आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज जपून ठेवा. पैसे परत द्यायला टाळाटाळ झाली, तर जिल्हा ग्राहक आयोगापुढे तेच कामी येतील.