मुद्दाम मूर्खासारखं विधान करायचं: साखर कारखान्यातला माझा अनुभव

प्रश्न: लॅटरल थिंकिंगमध्ये ती प्रोव्होकेशन पद्धत असते ना, मुद्दाम काहीतरी अशक्य विधान करायचं आणि त्यातून आयडिया काढायची, ती खऱ्या इंडस्ट्रीत कुणी वापरलीय का? की नुसतं ट्रेनिंगवाल्यांचं खूळ आहे?

वापरलीय, मी वापरलीय, आणि त्यापायी सहा-सात वर्षं कारखान्यात मला 'पो-साहेब' म्हणायचे, त्यामुळे हा प्रश्न बघून राहवलं नाही.

मी साखर कारखान्यात मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट होतो. सहकारी कारखाना, रोजचं गाळप 2500 टन, नदीकाठी. कारखान्याचं नाव सांगत नाही, ओळखणारे ओळखतील. एमडींनी पुण्याहून एक ट्रेनर आणला होता दोन दिवसांसाठी, त्याने लॅटरल थिंकिंगची कल्पना मांडणाऱ्या एडवर्ड डी बोनोचं ते प्रसिद्ध उदाहरण सांगितलं. नदीकाठच्या कारखान्यांमुळे खालच्या गावांना घाण पाणी मिळतं, तर विधान काय करायचं? 'पो, कारखाना स्वतःच्याच खालच्या अंगाला आहे.' अशक्यच आहे, पण त्यातून निघतं की कारखान्याने पाणी उचलायची जागा त्याच्याच सांडपाण्याच्या खाली ठेवायची, म्हणजे घाण केली तर पहिली स्वतःलाच प्यावी लागेल. 'पो' हा शब्द डी बोनोने एवढ्यासाठीच केला होता की ऐकणाऱ्याने यावर हो की नाही ते ठरवत बसू नये, विधान पुढे चालवून बघावं.

सगळे हसले, जेवायला गेले. मला मात्र ते लागलं, कारण आमच्या खालच्या गावची माणसं तेव्हा दर आठवड्याला बाटल्या भरून काळं पाणी घेऊन गेटवर यायची आणि लॅबचा माणूस म्हणून त्यांच्यापुढे मला उभं करायचे.

पुढच्या सोमवारच्या मीटिंगमध्ये मी म्हणालो, पो, आपल्या कारखान्याला नदीच नाही. चीफ इंजिनिअर म्हणाले, "केमिस्टला ऊन लागलं वाटतं." सगळी मीटिंग हसली. चेअरमन, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, ते पण हसले पण म्हणाले, "बोलू दे त्याला."

आता इथे बहुतेकांची चूक होते. विचित्र विधान केलं की झालं असं वाटतं, पण ते कुणालाही जमतं हो. काम त्याच्यानंतर आहे. मी तिथल्या तिथे क्षणाक्षणाने चालवायला लागलो, म्हणजे समजा रविवारी सकाळी सहाला नदीतून पाणी उचलायचा जॅकवेलचा पंप बंद पडला आणि परत चालूच होणार नाही. पहिलं काय थांबतं? मी म्हटलं बॉयलर. फोरमन म्हणाला नाही साहेब, बॉयलरला रस आटवायच्या इव्हॅपरेटरच्या पहिल्या भांड्याचं, म्हणजे बॉडीचं, कंडेन्सेट जातं, वाफेचं परत झालेलं पाणी, तो चालूच राहणार. मग काय थांबतं तर मिलवर उसाच्या चोथ्यावर मारायचं पाणी, चुना कालवायचं पाणी, फिल्टर धुवायचं पाणी, सेंट्रिफ्यूगल मशिनचं पाणी, मळी पातळ करायचं पाणी. आणि यातलं बरंचसं आपण नदीतून गार आणतो आणि वाफ घालून गरम करतो! तिकडे मागच्या बॉड्यांचं गरम कंडेन्सेट ओव्हरफ्लो होऊन गटारात चाललंय. हे कुणी लपवलं नव्हतं, सगळ्यांना माहीत होतं, मलाही.

त्याच दुपारी मी आणि एक हेल्पर 200 लिटरचं बॅरल घेऊन त्या गटाराच्या तोंडाशी गेलो. 25 सेकंदात भरलं. म्हणजे सेकंदाला 8 लिटर, दिवसाला जवळपास सात लाख लिटर. हे पाणी आलं कुठून? उसातून. उसात 70 टक्के पाणीच असतं, 2500 टन उसात 1750 टन. बगॅस, म्हणजे चोथा, साधारण 30 टक्के निघतं आणि ते निम्मं ओलं असतं, त्यात पावणेचारशे टन गेलं, प्रेसमड आणि मळीत शंभरेक टन, बाकी बाराशे टनाच्या वर पाणी आपण रोज उकळून उसातून बाहेर काढतो, आणि मग नदीतून परत आणतो. शेतकरी ट्रॉलीतून नदीच आणून टाकतो की गव्हाणीत.

चीफ इंजिनिअरचा मुद्दा होता की त्या कंडेन्सेटमध्ये साखर येते. हे खरंय, खोटं म्हणत नाही. बॉडीत रस उसळला की वाफेबरोबर थेंब जातात. बॉयलरमध्ये साखर गेली की पाण्याचा पीएच खाली येतो, फेस होतो, ट्यूबा जातात, आणि त्यांच्या आधीच्या कारखान्यात हे झालेलं त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. तेव्हापासून मागच्या बॉडीचं पाणी म्हणजे गटार, हे डोक्यात पक्कं. पण बॉयलरला द्या कोण म्हणतंय? चुन्याला द्या, फिल्टरला द्या, मिलवर मारा. तिथे साखर आली तर ती रसातच परत जाते. बॉयलरच्या लाइनला फक्त चांगलं पाणी ठेवायचं आणि दर तासाला अल्फा नॅफ्थॉलची टेस्ट, परीक्षानळीत पाणी, वरून चार थेंब नॅफ्थॉल, कडेने सल्फ्युरिक सोडायचं, जांभळी रिंग दिसली की लगेच ते पाणी बॉयलरकडून तोडून गटाराकडे. टेस्ट आम्ही आधीपासून करतच होतो, फक्त रिंग दिसली की वहीत लिहायचं आणि गप बसायचं.

एक टाकी, दोन पंप, थोडी पाइपलाइन, एवढंच लागलं. पुढच्या सीझनला जॅकवेलचा पंप वीस तासांऐवजी आठ-नऊ तास चालायला लागला. आणि गंमत बघा, वार्षिक सभेत हे 'इंजिनिअरिंग विभागाने केलेली पाणीबचत' म्हणून वाचून दाखवलं. मी स्टेजच्या मागे नारळ मोजत होतो.

चीफ इंजिनिअरांचं म्हणणं आजही असं आहे (रिटायर झालेत, लग्नकार्यात भेटतात) की यात तुझ्या त्या पो-बिचं काय काम, साधा वॉटर बॅलन्स, म्हणजे पाणी आलं किती गेलं किती, मांडला असता तरी हेच निघालं असतं. तर साहेब, वॉटर बॅलन्सचा तक्ता माझ्याच लॅबच्या भिंतीवर अकरा वर्षं टांगलेला होता. आकडा समोर होता. नदी होती म्हणून तो आकडा कुणी वाचत नव्हतं, मीही नाही. 'नदी नाही' म्हटलं तेव्हा वाचला.

तुमच्या इंडस्ट्रीत करायचं असेल तर मजेशीर वाक्य शोधत बसू नका. ज्या गोष्टीबद्दल मीटिंगमध्ये कधीच बोलणं होत नाही, ती नाही असं म्हणा, आणि मग घड्याळ लावून, सहाला काय, सव्वासहाला काय, असं चालवा. आणि हे फोरमन समोर असताना करा, साहेबलोकांना काय थांबतं ते माहीत नसतं. मी बॉयलर म्हणालो होतो ना.

आता काही गोष्टी राहिल्या. प्रत्येक वेळी निघतंच असं नाही, त्याच्यानंतर मी 'पो, ऊस कारखान्यात येतच नाही' करून बघितलं, दोन तास गेले, हाताला काही लागलं नाही. मिलवर फार गरम पाणी मारलं की रोलर घसरतात ही तक्रार पहिल्याच महिन्यात आली, त्यात इंजिनिअर साहेब बरोबर होते, थोडं गार करून द्यावं लागलं. डिस्टिलरी असेल तर हिशोबच वेगळा. आणि मोळीपूजन झाल्यावर पहिले दोन-तीन दिवस, रस उकळायला लागेपर्यंत, कंडेन्सेट नसतंच, तेव्हा पाणी नदीचंच. त्यामुळे जॅकवेल आहे तिथेच आहे.