‘अॅझो-फ्री’ लिहिलं, आता नोटीस आली : झबल्याच्या लिस्टिंगमधलं कुठलं वाक्य अंगाशी येतं?

प्रश्न : मॅडम, मी नाशिकला इंदिरानगरला राहते, घरूनच बाळांचे कपडे विकते. मलमलचं कापड होलसेलरकडून घेते, सिडकोतल्या एका ताईंकडून शिवून घेते आणि माझ्या ब्रँडच्या नावाने ऑनलाइन टाकते. तीन झबल्यांचा सेट ८९९ रुपयांना होता. लिस्टिंगमध्ये लिहिलं होतं : ‘०-६ महिने, १००% कॉटन, लोण्यासारखं मऊ, पक्की शिलाई, मशीन वॉश चालेल, अॅझो-फ्री रंग, रॅश येणार नाही याची गॅरंटी, नो रिटर्न’. पुण्याच्या एका बाईंनी घेतला. त्या म्हणतात लाल झबल्याचा रंग गेला, एका धुण्यात आटलं, गळ्याची शिवण उसवली आणि बाळाच्या अंगावर पुरळ आलं. वकिलाची नोटीस आलीय, १५ दिवसांत २ लाख द्या नाहीतर ग्राहक आयोगात जाऊ. होलसेलर मला व्हॉट्सअॅपवर ‘अॅझो फ्री है’ एवढंच म्हणाला होता, कागद काही नाही. मी लिस्टिंग काढून टाकू का? पैसे द्यावे लागतील का?

उत्तर : ताई, आधी एकच सांगते, लिस्टिंग डिलीट करू नका. सेल बंद करा, स्टॉक शून्य करा, पण त्याआधी पूर्ण पानाचे स्क्रीनशॉट घ्या, तारीख दिसेल असे, फोटो आणि साइज चार्टसकट. समोरच्यांकडे स्क्रीनशॉट असणारच आहे, आणि नोटीस आल्यावर तुम्ही पान उडवलंत तर आयोगापुढे ते लपवाछपवी म्हणून दाखवलं जातं. होलसेलरचं चॅटही जपा, फोन बदलू नका, रीसेट करू नका, कारण ते चॅट पुढे पुरावा म्हणून द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सर्टिफिकेट लागतं आणि मूळ फोन हातात असेल तर ते काम सोपं जातं.

आता मुद्द्याचं. तुम्हाला वाटतंय की कापड होलसेलरचं, शिलाई त्या ताईंची, मी तर मधली. कायद्याला तसं वाटत नाही. माल तुम्ही ठरवून शिवून घेता आणि तुमच्या ब्रँडचं लेबल लावता, म्हणजे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही उत्पादकच धरल्या जाता. आणि उत्पादकाच्या जबाबदारीचं जे कलम ८४ आहे त्यात एक गोष्ट फार कडक आहे : मालाबद्दल तुम्ही स्पष्ट हमी दिली आणि माल तसा निघाला नाही तर, हमी देताना तुमचा निष्काळजीपणा नव्हता, फसवायचा हेतू नव्हता, हे सिद्ध करूनही सुटका होत नाही. म्हणजे ‘मला होलसेलरने सांगितलं म्हणून मी लिहिलं’ हे खरं असलं तरी पुण्याच्या बाईंसमोर ते उत्तर नाही. ते होलसेलरसमोर वापरायचं, त्यावर खाली येते.

तर तुमची लिस्टिंग वाक्यावाक्याने बघू, कारण सगळी वाक्यं सारखी धोक्याची नाहीयेत.

‘लोण्यासारखं मऊ’ यावरून कोणी केस जिंकत नाही, ते कौतुक आहे, मोजता येत नाही. ‘१००% कॉटन’ मोजता येतं, त्यात पॉलिस्टर निघालं तर तुम्ही अडकलात, पण तशी तक्रार नोटिशीत नाही, सोडून द्या.

साइज आणि शिवण इथे मात्र तुमची बाजू लंगडी आहे. जन्मलेलं बाळ साधारण ५० सेंटीमीटरचं आणि सहा महिन्यांचं साधारण ६८ च्या आसपास असतं, दोघांना एकच झबलं नीट बसणार नाही, आणि मलमल पहिल्या धुण्यात आटते हे कापडवाल्यांना सगळ्यांना माहीत असतं. शिवायच्या आधी कापड भिजवून घेतलं होतं का, हे त्या शिलाईवाल्या ताईंना आजच विचारा. उसवलेल्या शिवणीचं असं, मलमलचं विणकाम विरळ असतं, मार्जिन कमी ठेवलं की ओव्हरलॉक असूनही धागे सरकतात आणि शिवण कापडासकट निघून येते. तुमच्याकडच्या त्याच लॉटच्या झबल्याचा गळा उलटा करून बघा, दोऱ्याचा टाका तुटलाय की कापड सरकलंय हे डोळ्यांना दिसतं. टाका तुटला तर शिलाईचा प्रश्न, कापड सरकलं तर मार्जिनचा. दोन्हीत पैसे परत करायचेच आहेत, आणि इथे ‘नो रिटर्न’ लिहिल्याचा काही उपयोग नाही, कारण २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत विक्रेत्याला स्पष्ट सांगितलंय की माल सदोष असेल किंवा जाहिरातीत लिहिल्यासारखा नसेल तर परत घ्यायला नकार देता येत नाही. नियमित धंदा म्हणून विकता, त्यामुळे घरून विकते म्हणून हे नियम लागू नाहीत असंही म्हणता येणार नाही. तेव्हा ८९९ आणि कुरिअरचा खर्च यावर भांडू नका.

धुण्याच्या सूचनेचं जरा नीट समजून घ्या. योग्य वापराच्या पुरेशा सूचना दिल्या नाहीत आणि त्यातून इजा झाली, तर तोही कलम ८४ मध्ये स्वतंत्र दोष आहे. तुम्ही ‘मशीन वॉश चालेल’ लिहिलंत, पण गडद लाल कापड पहिल्यांदा वेगळं, गार पाण्यात धुवा आणि बाळाला घालण्याआधी धुऊनच घाला हे लिहिलं नाही. त्यामुळे ‘तुम्ही चुकीचं धुतलंत’ हा बचाव, जो कलम ८७ मध्ये गैरवापराच्या नावाखाली एरवी मिळू शकतो, तो तुमच्याच वाक्याने गेला. नोटिशीच्या उत्तरात तो घेऊ नका, आईला दोष दिल्यासारखं होतं आणि पुढे तुमच्यावरच उलटतं.

आता खरी गाठ आहे ती रंगाची. रंग जाणं आणि रंग विषारी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि नोटिशीत त्या एकत्र केल्यात. रंग सुटतो म्हणजे डाय नीट पक्का झाला नाही किंवा रंगवल्यावर कापड पुरेसं धुतलं नाही, रंगाच्या या टिकण्याला कलर फास्टनेस म्हणतात. अॅझोचा प्रश्न असा की काही अॅझो रंगांपासून कॅन्सरशी संबंध असलेली अमाइन्स सुटू शकतात, म्हणून आपल्याकडे १९९७ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने ७० अॅझो रंगांवर बंदी घातली. असा रंग धुण्यात अजिबात न जाता कापडात पक्का बसलेला असू शकतो, आणि उलट भराभर रंग सोडणारं कापड अॅझोच्या लॅब टेस्टमध्ये पास होऊ शकतं. पुरळ तर त्याहून वेगळं, ते फॉर्मल्डिहाइड असलेल्या फिनिशमुळे, साबणामुळे, उरलेल्या सॉफ्टनरमुळे किंवा साध्या घामोळ्यानेही येतं. त्यामुळे ‘रंग गेला म्हणून पुरळ आलं’ हे नोटिशीत लिहिलं म्हणून सिद्ध होत नाही, इजा त्या झबल्यामुळेच झाली हे त्यांना दाखवावं लागेल.

पण ताई, तुम्ही स्वतःच दोन वाक्यं लिहून ठेवलीत, ‘अॅझो-फ्री’ आणि ‘रॅश येणार नाही याची गॅरंटी’. दुसरं वाक्य कुठल्याही लॅबला खरं करून देता येणार नाही, बाळाची कातडी आहे ती. आणि पहिल्यासाठी तुमच्याकडे कागद नाही. म्हणून कागद तयार करा, या आठवड्यातच. त्याच लॉटचे उरलेले तुकडे किंवा न विकलेली झबली असतील तर लॉटची बिलं जोडून दोन पाकिटांत सील करा, एक ठेवा, एक मान्यताप्राप्त टेक्स्टाइल लॅबला द्या, मुंबईत टेक्स्टाइल्स कमिटीची लॅब आहे. प्रत्येक रंग वेगळा तपासायला सांगा, लाल पास झाला म्हणून पिवळा पास होत नाही. बंदी असलेली अमाइन्स, फॉर्मल्डिहाइड, आणि धुणं, घाम व लाळेला रंग किती टिकतो, एवढं मागा, लाळ यासाठी की बाळ झबल्याची बाही चोखतं. अमाइन्ससाठी युरोपातली मर्यादा किलोमागे ३० मिलिग्रॅम आहे, रिपोर्टमध्ये तोच आकडा बहुधा दिसेल. आणि रिपोर्ट वाईट आला तर तो दाबून माल विकू नका, उरलेला स्टॉक बाजूला काढा आणि त्या लॉटच्या सगळ्या ग्राहकांना कळवा, तान्ह्या बाळांचा प्रश्न आहे, यात मी दुसरा सल्ला देणारच नाही.

पुण्याच्या बाईंकडचं झबलं परत पाठवा म्हणून आग्रह धरू नका, तो त्यांचा पुरावा आहे. तुमच्या उत्तरात लिहा की ते आता पुन्हा न धुता ठेवा, दोघांच्या संमतीने सील करून लॅबला पाठवू. केस झालीच तर आयोगही नमुना सील करून लॅबला पाठवू शकतो.

नोटिशीचे १५ दिवस हे समोरच्या वकिलांनी ठरवलेले आहेत, कायद्याने नाही, तरी त्या मुदतीत उत्तर द्या. गप्प बसलात तर तेच पुढे तुमच्याविरुद्ध वाचून दाखवतील. उत्तर छोटं ठेवा : बाळाच्या त्रासाबद्दल वाईट वाटलं, जबाबदारी मान्य न करता ८९९ आणि कुरिअर लगेच परत करतोय, डॉक्टरांचे कागद, पुरळ कधी आणि अंगावर कुठे आलं, झबलं कधी घातलं आणि घालण्याआधी धुतलं होतं का हे कळवा, संयुक्त तपासणीला तयार आहोत. पुरळ फक्त झबल्याखालच्या भागात आहे की गालावर, पायावर पण आहे, यावरून डॉक्टरांनाही बरंच कळतं. कागद आले आणि त्यात दम असला तर डॉक्टर आणि औषधाचा खर्च देऊन लेखी तडजोड करा, असा माझा कल आहे, पण सही करण्याआधी ‘यापुढे काही मागणी नाही’ हे वाक्य आहे ना बघा.

२ लाख आपोआप मिळत नाहीत, खर्च, त्रास आणि कारण दाखवल्यावर आयोग रक्कम ठरवतो. पण तक्रार करणं त्यांना सोपं आहे हे लक्षात ठेवा. त्या राहतात तिथे म्हणजे पुण्यात करू शकतात, ८९९ च्या खरेदीला आयोगाची फी शून्य आहे, आणि घटनेपासून दोन वर्षं मुदत आहे. आयोगाची नोटीस आली तर मात्र ३० दिवसांत म्हणणं द्यायचं, फार तर १५ दिवस वाढतात, त्यापुढे एक दिवसही मिळत नाही, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये हे पक्कं केलंय. आयोगाचं ते पाकीट उघडायला उशीर नको.

होलसेलरला आत्ताच लेखी कळवा, बिल नंबर, लॉट, त्याचं ‘अॅझो फ्री है’ हे वाक्य आणि ‘यातून मला जे भरावं लागेल ते तुमच्याकडून वसूल करीन’ हे, स्पीड पोस्टाने आणि व्हॉट्सअॅपवर पण. सांगितलेल्या वर्णनाचा माल मिळायला हवा हे वस्तू विक्री कायदा १९३० सांगतो, तिथून दिवाणी दावा करता येतो. तो आता घाईघाईने एखादं सर्टिफिकेट पाठवेल, ते नीट बघा. ओएको-टेक्स या कापड तपासणाऱ्या संस्थेचं असेल तर त्यावरचा नंबर त्यांच्या साइटवर तपासता येतो, मुदत एक वर्षाची असते, आणि ते ज्या कंपनीच्या नावाने आणि ज्या कापडासाठी आहे तेवढ्यालाच लागू. कापड सर्टिफाइड असलं तरी तुम्ही वेगळा दोरा, प्रिंट, टिचबटणं लावून शिवलेल्या झबल्यावर ते लेबल तुम्हाला लावता येत नाही.

नवीन लिस्टिंग टाकाल तेव्हा वयासोबत छाती आणि लांबी सेंटीमीटरमध्ये द्या, ०-३ आणि ३-६ वेगळे करा, धुतल्यावर किती आटतं ते स्वतः एक पीस धुऊन मोजून लिहा. ‘पहिल्यांदा वेगळं, गार पाण्यात धुवा, घालण्याआधी एकदा धुऊन घ्या’ हे फोटोवर पण टाका. रंगाबद्दल रिपोर्ट हातात आल्यावरच, आणि रिपोर्टमध्ये आहे तेवढंच : ‘या लॉटच्या कापडाची बंदी असलेल्या अॅझो रंगांसाठी लॅब तपासणी झाली आहे’, सोबत रिपोर्ट नंबर आणि तारीख. ‘गॅरंटी’ आणि ‘नो रिटर्न’ दोन्ही काढा. आणि नोटीस, ऑर्डरचं बिल, कुरिअरची पावती, होलसेलरची बिलं आणि स्क्रीनशॉट घेऊन एखाद्या वकिलाला नाशिकमध्येच दाखवून उत्तर पाठवा, तारीख टळू देऊ नका.