साडेचार आणि पावणेपाच यांच्या मधे

मावशी, बाबांना जाऊन सात महिने झाले. आई आता पुण्यात माझ्याकडे असते. बाबा कसे गेले ते ती रोज सांगते, कधी दिवसातून दोनदा. मला, माझ्या नवऱ्याला, भांडीवाल्या ताईंना, लिफ्टमध्ये भेटेल त्याला. पहाटे त्यांनी पाणी मागितलं, ती तांब्या घेऊन आली, तर ते निपचित पडले होते. शब्दसुद्धा तेच. वेळ मात्र कधी साडेचार सांगते, कधी पावणेपाच. मी दर वेळी म्हणते, आई, डॉक्टर म्हणाले ना, झटका मोठा होता, कुणालाच काही करता आलं नसतं. मग ती गप्प होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. विषय बदलून पाहिला, भजनी मंडळात नेलं. परवा माझा मुलगा म्हणाला, आजी, हे सांगून झालंय. माझेही बाबा गेलेत, मावशी. आई यातून बाहेर कशी येईल?

* * *

घड्याळाची ती ओळ तू जाता जाता लिहिलीस. मी तिथेच थांबले. बाकी सगळं शब्दाला शब्द तेच आणि वेळ तेवढी हलते, हे मला विसरण्यातलं वाटत नाही. तरी एक बघून घे. सांगायला सुरुवात करताना आई "तुला माहीतच आहे" असं म्हणते का? म्हणत असेल, तर आधी सांगितल्याचं तिला पक्कं आठवतंय. काल सांगितलं हेच ती विसरत असेल, गॅस चालू राहत असेल, पैशांचा हिशेब चुकत असेल, तर डॉक्टरांना दाखव. ती गोष्ट वेगळी. पण तुझ्या पत्रात तसं काही दिसत नाही.

मला वाटतं, तुझी आई दोन निरनिराळ्या वेळा सांगते आहे. एक हाक आल्याची आणि एक ती पाणी घेऊन पोचली त्याची. मधे पंधरा मिनिटं आहेत. स्वयंपाकघरातून तांब्या भरून आणायला पंधरा मिनिटं लागत नाहीत.

तेवढ्यात काय झालं ते फक्त तिला ठाऊक. पहिल्या हाकेला हो म्हणून तिचा पुन्हा डोळा लागला असेल. "रात्रभर काय उठवता" असं तोंडून गेलं असेल. किंवा तसं काहीच झालं नसेल आणि ती पंधरा मिनिटं तिला मागाहून दिसायला लागली असतील. काहीही असो, रोज ती तिथपर्यंत चालत येते आणि उंबऱ्यावर तू उभी असतेस, डॉक्टरांचं वाक्य घेऊन.

ते वाक्य तू आईच्या समाधानासाठी म्हणतेस, असं तुला वाटतं. मला तसं वाटत नाही. पुढचं ऐकावं लागू नये म्हणून तू ते म्हणतेस. तुझेही बाबा गेलेत, त्यामुळे ते तुला जड जात असणार, हे मला कळतं. पण त्या वाक्यानंतर ती गप्प होते, हे तूच लिहिलंयस. समाधान झालेलं माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच कशाला सांगेल? दोनशे दिवसांत तिने ती गोष्ट एकदाही शेवटपर्यंत सांगितलेली नाही. अर्ध्यावर तुटली म्हणून ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

आपल्याकडे याची सोय होती, ती आठव. तेराव्यापर्यंत घरी भेटायला येणारा प्रत्येक जण टेकला की विचारायचा, "कसं झालं हो?" आणि घरातलं माणूस पहिल्यापासून सांगायचं. सकाळी काकांना, दुपारी शेजारच्यांना, संध्याकाळच्या गाडीने आलेल्या मावसभावाला. मधे कुणी बोलायचं नाही, नुसता हुंकार. एकच गोष्ट चाळीस-पन्नास वेळा सांगून होई आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. तेरावं झालं की येणारे थांबतात, आणि चौदाव्या दिवशी तीच बाई तीच गोष्ट सांगायला लागली की आपण एकमेकांकडे बघतो. त्यातून तू तिला तिच्या गावाहून, शेजारपाजाऱ्यांतून उचलून पुण्यात आणलंस. तिथे निदान विचारणारं कुणीतरी दारात आलं असतं. इथे तिला लिफ्ट शोधावी लागते.

माझ्या आत्याचं सांगते. तिचा मोठा मुलगा कामावर जाताना अपघातात गेला. आत्याची गोष्ट कायम डब्यापासून सुरू व्हायची: त्या दिवशी तो डबा विसरून गेला, मी खिडकीतून हाका मारल्या, तो वळलाच नाही. आम्ही सगळे तिथेच म्हणायचो, अगं, गाडीच्या आवाजात ऐकू आलं नसेल. वर्ष गेलं. एकदा दुपारी आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. तिने डब्याचं काढलं. का कोण जाणे, मी त्या दिवशी नेहमीचं न बोलता विचारलं, "काय होतं गं डब्यात?"

तिचे हात थांबले. बराच वेळ ती हातातली जुडी नुसती फिरवत राहिली. मग म्हणाली, "दोडका. त्याला आवडायचा नाही. आदल्या दिवशी त्यावरून मी त्याला बोलले होते. तो विसरला नव्हता. मुद्दाम ठेवून गेला होता." आणि रडली. माझ्या तोंडाशी आलं होतं की त्यात तुझी काय चूक. मी ते गिळलं. म्हटलं, "आणि हे तू वर्षभर एकटी घेऊन बसलीस." तिने मान हलवली आणि परत मेथी ओढून घेतली.

गोष्ट त्या दिवशी संपली नाही. नंतरही ती सांगायची, पण तिच्यात फरक पडत गेला. डबा मागे पडला. तो लहानपणी दोडका ताटाखाली लपवायचा, ते आलं, आणि ते सांगताना एकदा तिला हसू फुटलं. तू हाच फरक बघत राहा. सांगण्यात नवं माणूस येतंय का, मागच्या दिवसांतलं काही येतंय का, सुरुवात बदलतेय का. रोज तेच शब्द आणि त्याच जागी गप्प होणं, हे अडकल्याचं लक्षण. किती वेळा सांगते ते मोजू नकोस.

तेव्हा तू एकच कर. पुढच्या वेळी ती पाण्यापाशी आली की डॉक्टरांचं वाक्य गिळ आणि म्हण, "मग?" एवढंच. "तू काय केलंस?" असं विचारू नकोस, त्याची उलटतपासणी होते. "वेळ नक्की कोणती?" असं तर मुळीच नको. मुलांना गोष्ट सांगताना ती हुं हुं करत ऐकतात ना, तशी ऐक. समोरासमोर बसू नकोस. शेंगा सोलायला घे, कपड्यांच्या घड्या घाल, म्हणजे तिला तुझ्या डोळ्यांत बघून बोलावं लागणार नाही. ती थांबली तर थांबू दे. ती शांतता तुला फार लांब वाटेल आणि ती भरून काढायला तू काहीतरी बोलशील, तिथे जीभ आवर.

रात्री दहाला तू दमलेली असताना तिने काढलं, तर अर्धवट कानाने ऐकू नकोस. "आई, आत्ता माझं लक्ष लागणार नाही, सकाळी चहाला सांग" असं म्हण आणि सकाळी चहाला स्वतःहून विषय काढ. हे दुसरं केलं नाहीस, तर पहिलं नुसतं टाळणं झालं.

तिने ती पंधरा मिनिटं सांगितलीच, तर लगेच माफी वाटू नकोस. "तुझी काही चूक नाही" हे इतक्या झटकन म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, हिने नीट ऐकलंच नाही. आधी ते तिच्याजवळ राहू दे. दोन-चार दिवसांनी विचार, डॉक्टरांना भेटायचं का? तेव्हा डॉक्टर बोलले ते तुझ्याशी, बहुधा दवाखान्याच्या पॅसेजमध्ये. आईने तिचा प्रश्न त्यांना कधी विचारलेलाच नाही. तिला घेऊन जा, तिच्या शब्दांत विचारू दे आणि उत्तर जे येईल ते येऊ दे. पूर्ण दिलासा मिळेल असं तिला आधी सांगू नकोस. अर्धवट पण खरं उत्तर तिला पेलेल.

सांगून सांगून माणूस त्यातच रुततं, ही तुझी भीती निराधार नाही. म्हणून हेही सांगते. अशा अडकलेल्या दुःखावर अमेरिकेतल्या कॅथरीन शिअर यांनी एक उपचारपद्धत तयार केली, साधारण सोळा भेटींची. तिच्या मध्यावर मृत्यूची गोष्ट सांगणंच आहे. माणूस डोळे मिटून तो प्रसंग क्रमाने, पुढे काय झालं तेही सांगतो, ते रेकॉर्ड करतात, आणि घरी तो स्वतःच ते ऐकतो. पण प्रत्येक वेळी सांगून झालं की काय जाणवलं ते बोलतात, मग गोष्ट बाजूला ठेवतात आणि मनाला बरं वाटेल असं काहीतरी करतात. तू घरी डोळे मिटायला लावू नकोस, ते शिकलेल्यांचं काम आहे. त्यातलं शेवटचं तेवढं घे: ऐकून झालं की उठा, दोघी खाली चक्कर मारून या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत लांबलेल्या शोकाची नोंद आहे आणि त्यासाठी किमान सहा महिन्यांची अट आहे. सात महिने झाले म्हणून घाबरू नकोस, नुसत्या महिन्यांवर ते ठरत नाही. ती जेवते का, अंघोळ, पूजा, फोन, बाजार हे तिचं चालू आहे का, दिवसातला काही वेळ तरी तिचं मन दुसरीकडे लागतं का, हे बघ. हे सगळं बंद पडलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे ने. आणि "मला कशाला ठेवलं" असं ती म्हणाली, तर ते बोलण्याची पद्धत समजून सोडून देऊ नकोस. सरळ विचार, आई, जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. ती हो म्हणाली, तर तिला एकटी ठेवू नकोस आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे ने. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर रात्रीही लागतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

तुझ्या मुलाला रागावू नकोस. त्याने तुझंच वाक्य त्याच्या भाषेत म्हटलं. येत्या रविवारी त्याला खाली खेळायला पाठव, शेंगांची पिशवी घे आणि आईच्या बाजूला बस. ती सुरू करेलच. साडेचार म्हणाली तर साडेचार, पावणेपाच म्हणाली तर पावणेपाच. दुरुस्त करू नकोस.